भाव तुमचा, वेळ कुणाची?

‘स्क्रीनवर भाव 500 रुपये दिसत होता. मी 600 शेअर घेतले. मग हिशोबात सरासरी 501 रुपये 16 पैसे कसे आले?’ शेअर बाजारात नव्याने उतरलेल्या माणसाचा हा बहुधा पहिला प्रश्न असतो आणि ब्रोकरने लबाडी केली, हा त्याचा पहिला तर्क. तर्क बहुतेक वेळा चुकीचा ठरतो, पण प्रश्न फार चांगला आहे. त्याच्या उत्तराचा पाठपुरावा करत गेलं की मार्केट ऑर्डर, लिमिट ऑर्डर, शॉर्ट सेलिंग आणि मार्जिनवरची खरेदी, या चारही गोष्टी हळूहळू उलगडतात. या चौघींच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे थांबण्याचा हक्क. सौदा होण्यासाठी किती वेळ थांबायचं, झालेला सौदा किती दिवस धरून ठेवायचा, हे ठरवणारा कोण, यावर सगळं अवलंबून आहे.

आधी त्या 500 रुपयांकडे पाहू. शेअरचा भाव म्हणून स्क्रीनवर जो ठळक आकडा दिसतो, तो शेवटच्या सौद्याचा भाव असतो. कुणीतरी कुणाला तरी काही क्षणांपूर्वी या भावाने शेअर विकला, एवढंच तो आकडा सांगतो. तुम्हाला पुढचा शेअर त्याच भावात मिळेल, असं वचन त्यात नाही. पुढचा भाव कळतो तो त्या आकड्याखालच्या तक्त्यात, ज्याला बाजारात ‘मार्केट डेप्थ’ म्हणतात. एका बाजूला घेणाऱ्यांचे वरचे पाच भाव, दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांचे खालचे पाच भाव आणि प्रत्येक भावापुढे किती शेअर उभे आहेत, ती संख्या. अ‍ॅपमध्ये हा तक्ता एका टिचकीवर असतो, तरी अनेक जण तो न उघडताच खरेदी करतात.

एका काल्पनिक कंपनीचा तक्ता घेऊ. विकणाऱ्यांच्या बाजूला 500.10 रुपयांना 100 शेअर आहेत, 500.50 ला 150, 501.25 ला 250, 503 ला 300 आणि 506 ला 400. घेणाऱ्यांच्या बाजूला सर्वांत वर 499.90 रुपयांना 200 शेअरांची मागणी आहे आणि तिच्या खाली बाकीच्यांच्या रांगा. अशा वेळी तुम्ही 600 शेअरांची मार्केट ऑर्डर टाकली, म्हणजे बाजाराला सांगितलं की मला आत्ता हवेत, जो भाव असेल तो. संगणक सर्वांत स्वस्त विक्रेत्यापासून सुरुवात करतो. 500.10 चे 100 उचलतो, मग 500.50 चे 150, मग 501.25 चे 250 आणि उरलेले 100 घ्यायला 503 पर्यंत चढतो. एकूण बिल 3,00,697 रुपये 50 पैसे, म्हणजे शेअरमागे 501 रुपये 16 पैसे. कुणीही लबाडी केलेली नाही. समोर 500 चा विक्रेताच नव्हता.

हा नियम किती जुना, असं विचाराल तर संगणकावर तो नोव्हेंबर 1994 पासून चालत आला आहे. त्या महिन्यात राष्ट्रीय शेअर बाजाराने शेअरांचे व्यवहार पडद्यावर सुरू केले. पुढच्याच वर्षी दलाल स्ट्रीटवरच्या मुंबई शेअर बाजारातही रिंगणात ओरडून आणि हातवारे करून सौदे करण्याची जागा संगणकाने घेतली. सौदे जुळवताना संगणक आधी भाव पाहतो, मग वेळ. जास्त भाव देणारा घेणारा आधी, कमी भाव मागणारा विकणारा आधी. दोघांचा भाव सारखाच असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली तो आधी. मोठा माणूस, छोटा माणूस असा भेद या रांगेत नाही. लहान गुंतवणूकदाराच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे आणि तिचा फायदा मिळतो तो लिमिट ऑर्डरमध्ये.

लिमिट ऑर्डरमध्ये तुम्ही हद्द सांगता. वरच्याच तक्त्यात 600 शेअरांसाठी 500.50 ची लिमिट टाकली, तर 500.10 चे 100 आणि 500.50 चे 150 मिळतील आणि उरलेल्या 350 शेअरांची तुमची मागणी 500.50 ला रांगेत उभी राहील. आता घेणाऱ्यांत सर्वांत वरचा भाव तुमचाच. कुणी विकणारा त्या भावाला आला तर शेअर मिळतील. नाही आला तर साडेतीनला बाजार बंद होताना ऑर्डर आपोआप रद्द होईल. 250 शेअर तेवढे तुमच्या नावावर राहतील.

इथे एक गैरसमज हमखास आढळतो. 510 ची लिमिट टाकली तर 510 च द्यावे लागतील, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. लिमिट ही तुमची वरची मर्यादा आहे; समोर स्वस्त विक्रेते उभे असतील तर त्यांचेच शेअर आधी मिळतात. म्हणून ज्याला शेअर लगेच हवा आहे, पण भलत्या भावात नको आहे, त्याने समोरच्या भावापेक्षा किंचित वरची लिमिट टाकावी. वरच्या उदाहरणात 501.25 ची लिमिट टाकली असती, तर 500 शेअर तत्काळ मिळाले असते आणि 503 चा खर्च टळला असता. माझ्या मते रोजच्या खरेदीसाठी साध्या मार्केट ऑर्डरपेक्षा ही पद्धत केव्हाही बरी.

वरच्या उदाहरणातला फरक सातशे रुपयांचा, म्हणून तो किरकोळ वाटेल. मोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये तो त्याहूनही कमी असतो, कारण तिथे प्रत्येक भावापुढे हजारो शेअर उभे असतात. पण ज्या शेअरमध्ये दिवसाला मोजकेच सौदे होतात, तिथे पहिल्या आणि पाचव्या भावात काही टक्क्यांचं अंतर असू शकतं. रांग रिकामी असली की मार्केट ऑर्डर काय करते, याचा सर्वांत मोठा धडा मुंबईत 5 ऑक्टोबर 2012 रोजी मिळाला. एका ब्रोकिंग कंपनीच्या डीलरला निफ्टीतल्या शेअरांची सुमारे 17 लाख रुपयांची एकगठ्ठा विक्री करायची होती. 17 लाख हा आकडा रुपयांऐवजी नगांचा म्हणून गेला. 59 ऑर्डरींतून साडेसहाशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे शेअर क्षणार्धात विक्रीला आले, घेणाऱ्यांच्या रांगा एकामागून एक संपल्या आणि निफ्टी 900 हून अधिक अंकांनी, म्हणजे सुमारे 15 टक्के कोसळला. व्यवहार थांबवावे लागले. थोड्याच वेळात निर्देशांक वर आला, कारण त्या कंपन्यांमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. पण झालेले सौदे रद्द झाले नाहीत. ज्यांच्या लिमिट ऑर्डरी खूप खालच्या भावाला निवांत पडून होत्या, त्यांना शेअर मिळाले आणि विकणाऱ्याचा तोटा कायम राहिला.

तरीही लिमिट ऑर्डर म्हणजे निर्धोक, असं मानणं बरोबर नाही. तिची किंमत वेगळ्या प्रकारे मोजावी लागते. समजा, 500 चा शेअर 495 ला मिळावा म्हणून तुम्ही सकाळी लिमिट टाकली आणि कामाला निघून गेलात. शेअर चांगला असेल, तर तो 498 वरून माघारी फिरून 520 ला जाईल आणि तुम्ही रिकामे राहाल. दुपारी दोनला कंपनीबद्दल वाईट बातमी आली आणि भाव 470 ला घसरला, तर मात्र तुमची ऑर्डर वाटेत 495 ला नक्की पुरी होईल. पडून असलेली लिमिट ऑर्डर अशी नको त्या दिवशी हमखास लागते आणि हव्या त्या दिवशी हुकते, कारण ती टाकल्यानंतर जगात काय घडलं हे तिला ठाऊक नसतं. म्हणून ती टाकली की तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. थांबण्याचा हक्क तुमच्याकडे असतो, पण थांबण्याचा धोकाही तुमचाच असतो.

स्टॉप-लॉस ही या दोन्हींचीच झोपलेली भावंडं. ‘भाव 480 ला आला की जागी हो आणि विक’, अशी ती सूचना. जागी झाल्यावर ती लिमिट ऑर्डर होणार असेल आणि तुम्ही 478 ची हद्द घातली असेल, तर भाव 482 वरून एका झटक्यात 474 ला गेल्यावर ती जागी होईल, पण विकली जाणार नाही. तोटा थांबेल, असं नावात असलं तरी खात्री नाही.

आता शॉर्ट सेलिंग. शेअर वर जाईल असं वाटलं तर आधी घ्यायचा आणि मग विकायचा, हे सगळ्यांना कळतं. खाली जाईल असं वाटलं तर आधी विकायचा आणि मग घ्यायचा, हे ऐकून मात्र नवा माणूस अडखळतो. नसलेली वस्तू विकायची कशी? उत्तर असं की विक्रीचा करार आत्ता होतो, पण शेअर पोचवायची वेळ नंतर येते. भारतात 27 जानेवारी 2023 पासून सगळ्या शेअरांचा हिशोब सौद्याच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो. सोमवारी विकलेला शेअर मंगळवारी द्यावा लागतो. सोमवारीच साडेतीनच्या आत तो परत घेतला, तर देणं आणि घेणं एकमेकांत फिटतं आणि भावातला फरक तेवढा हिशोबात उरतो. सामान्य माणसाला रोखीच्या बाजारात शॉर्ट करायला मिळतं, ते एवढ्यापुरतंच. बहुतेक ब्रोकर साडेतीनची वाटही पाहत नाहीत. सव्वातीनच्या सुमारास ते असे उघडे सौदे स्वतःच बंद करतात. इथे थांबण्याचा हक्क एका दिवसाचा आहे आणि तोही पूर्ण तुमच्या हातात नाही.

त्याहून अधिक काळ मंदी करायची असेल, तर शेअर खरोखर उसना घ्यावा लागतो. सेबीने 2007 च्या डिसेंबरात त्याचे नियम घातले आणि एप्रिल 2008 पासून शेअर उसने देण्याघेण्याची सोय सुरू झाली. उसना देणाऱ्याला भाडं मिळतं. मधल्या काळात कंपनीने लाभांश दिला तर तेवढी रक्कम उसनं घेणाऱ्याने त्याला भरून द्यायची असते. ही सोय आजही मर्यादितच वापरात आहे. एकाहून अधिक दिवस मंदी करणारे बहुतेक लोक वायद्यांच्या बाजारात जातात.

शॉर्टचं गणित सरळ सौद्याच्या उलट्या बाजूने चालतं आणि त्यातला धोका इथेच लपलेला आहे. 500 ला घेतलेला शेअर शून्यावर गेला, तरी तोटा 500 रुपयेच. 500 ला शॉर्ट केलेला शेअर 1,000 ला गेला की तोटा 500, 1,500 ला गेला की 1,000. तोट्याला वरची हद्द नाही. शिवाय भाव जसजसा विरोधात जातो, तसतसा तो सौदा तुमच्या खिशाच्या मानाने मोठा होत जातो. सरळ खरेदीत याच्या उलट घडतं. भाव पडला की अडकलेली रक्कम आपसूक आक्रसते.

पण रोजच्या व्यवहारात याहून जवळचा धोका आहे, तो म्हणजे परत घ्यायला शेअरच न मिळण्याचा. ज्या शेअरांमध्ये वायद्याचे व्यवहार होत नाहीत, त्यांच्या भावाला दिवसाची वरची आणि खालची ठरलेली हद्द असते, ज्याला सर्किट म्हणतात. समजा, 10 टक्के सर्किट असलेले 200 शेअर तुम्ही सकाळी 500 ला शॉर्ट केले. दुपारी चांगली बातमी आली आणि भाव 550 ला जाऊन टेकला. आता डेप्थचा तक्ता पाहा. घेणाऱ्यांच्या बाजूला 550 ला लाखभर शेअरांची मागणी, विकणाऱ्यांच्या बाजूला शून्य. तुमची खरेदीची ऑर्डर त्या लाखभरांच्या मागे जाऊन उभी राहते, मग ती मार्केट असो की लिमिट. बाजार बंद होतो आणि तुमच्यावर 200 शेअर पोचवायचं देणं उरतं, जे तुमच्याकडे नाहीत. पुढे ते शेअर एक्स्चेंजच्या लिलावातून मिळवून मूळ खरेदीदाराला दिले जातात आणि लिलावातला चढा भाव तुमच्या खात्यातून वसूल होतो. लिलावातही शेअर मिळाले नाहीत, तर रोख रकमेत हिशोब मिटवला जातो, आणि त्यासाठीचा भाव नेहमीच्या भावाहून बराच वरचा असतो. तक्त्यातली विक्रीची बाजू विरळ होऊ लागली आणि भाव सर्किटच्या जवळ सरकू लागला, की शॉर्ट करणाऱ्याने तोटा सोसून तिथेच बाहेर पडावं. तक्ता रिकामा झाल्यावर पर्याय उरत नाही.

शॉर्ट करणाऱ्याच्या हातून वेळ काढून घेतली की काय होतं, हे दलाल स्ट्रीटने 1982 मध्ये पाहिलं. तेव्हा मुंबईत ‘बदला’ नावाची पद्धत होती. हिशोबाच्या दिवशी पैसे किंवा शेअर न देता सौदा पुढच्या हिशोबापर्यंत ढकलता येई. तेजीवाल्याला पैसे कमी पडत, म्हणून तो सौदा पुढे ओढण्यासाठी शुल्क देई. बाजारात मंदीवाले जास्त झाले आणि शेअर दुर्मीळ झाले, की उलटं घडे. विकणाऱ्यालाच घेणाऱ्याला पैसे द्यावे लागत, त्याला उंधा बदला म्हणत. म्हणजे आज आपण ज्यांना मार्जिनवरची खरेदी आणि शॉर्ट सेलिंग अशी दोन नावं देतो, ती तेव्हा एकाच बदल्याच्या पोटात नांदत होती.

18 मार्च 1982 रोजी रिलायन्सच्या शेअरवर मोठी मंदी सुरू झाली. ती करणाऱ्यांचा गट कोलकात्याचा होता, असं सांगितलं जातं. भाव 131 रुपयांवरून 121 वर आला. मंदीवाल्यांचा हिशोब असा की भाव आणखी पडेल, मग स्वस्तात घेऊन देणं फेडू. आणि तोवर बदला आहेच. पण समोरून रिलायन्सच्या बाजूचे दलाल घेत राहिले. मंदीवाल्यांनी सुमारे 11 लाख शेअर विकले आणि त्यातले साडेआठ लाखांच्या आसपास या दलालांनी उचलले, अशी नोंद आहे. 30 एप्रिल हा हिशोबाचा शुक्रवार उजाडला आणि घेणाऱ्यांनी सौदा पुढे ढकलायला नकार दिला. शेअर आणून द्या, नाहीतर शेअरमागे 25 रुपये बदला द्या. शेअर कुणाकडेच नव्हते. वाटाघाटी चालल्या, पेच सुटेना, मुंबई शेअर बाजार तीन दिवस बंद राहिला. मंदीवाले मिळेल त्या भावाला शेअर शोधत सुटले आणि 10 मेपर्यंत भाव दोनशेच्या वर गेला. कंपनी चांगली की वाईट, हा प्रश्न त्या दिवसांत मागे पडला. मंदीवाल्यांचं मत कदाचित कधीतरी खरंही ठरलं असतं. पण त्यांना थांबू द्यायचं की नाही, हे समोरच्याच्या हातात होतं आणि त्याने नाही म्हटलं. त्यानंतरची त्यांची प्रत्येक खरेदी म्हणजे सक्तीने टाकलेली मार्केट ऑर्डर होती.

बदला 2 जुलै 2001 रोजी बंद झाला. पण उसन्या पैशांवर शेअर घेण्याची हौस बंद होणं शक्य नव्हतं. आज तिचं नियमांत बसवलेलं रूप म्हणजे मार्जिन ट्रेडिंग फॅसिलिटी, अ‍ॅपवर दिसणारं एमटीएफ. सेबीने 2017 मध्ये त्याच्या नियमांची नव्याने मांडणी केली. खरेदीच्या रकमेतला काही भाग तुम्ही भरता, बाकीचा ब्रोकर भरतो. शेअर तुमच्या डिमॅट खात्यात येतात, पण ब्रोकरकडे तारण म्हणून गहाण असतात. व्याज रोज चढतं, शनिवारी आणि रविवारीही.

उदाहरणाने पाहू. तुमच्याकडे 1,00,000 रुपये आहेत. ब्रोकरचे आणखी 1,00,000 घेऊन तुम्ही 500 रुपयांचे 400 शेअर घेतले. व्याज वर्षाला 15 टक्के धरलं, तर दिवसाला सुमारे 41 रुपये, महिन्याला सव्वाबाराशे. भाव 10 टक्के वाढून 550 झाला, तर 20,000 मिळाले, म्हणजे तुमच्या रकमेवर 20 टक्के. व्याज जाऊनही नफा भरपूर. जाहिरातीत हेच गणित असतं. आता दुसरी बाजू. भाव 20 टक्के पडून 400 झाला, तर शेअरांची किंमत 1,60,000 राहिली. कर्ज मात्र 1,00,000 च आहे. तुमचे उरले 60,000, म्हणजे 20 टक्क्यांच्या घसरणीत तुमचे 40 टक्के गेले.

पण एवढ्यावर थांबत नाही. समजा, या शेअरसाठी ब्रोकरचा नियम आहे की चालू किमतीच्या निदान 40 टक्के रक्कम तुमची असली पाहिजे. 1,60,000 चे 40 टक्के म्हणजे 64,000. तुमच्याकडे 60,000 आहेत. 4,000 कमी पडले. खरं तर भाव 417 च्या खाली गेला, तेव्हाच कमी पडू लागले होते. संध्याकाळी निरोप येतो की पैसे भरा, याला मार्जिन कॉल म्हणतात. ठरलेल्या मुदतीत भरले नाहीत, तर ब्रोकर शेअर विकून स्वतःची बाजू सुरक्षित करतो. तसा अधिकार त्याला तुम्हीच करारात दिलेला असतो.

लोक एका गोष्टीकडे फार दुर्लक्ष करतात, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ते 40 टक्के कायमचे नाहीत. शेअरचे चढउतार वाढले की एक्स्चेंजच्या हिशोबातलं मार्जिन वाढतं; ब्रोकर आपल्या मनानेही ते वाढवू शकतो. वरच्या उदाहरणात मागणी 40 ऐवजी 50 टक्के झाली, तर 500 च्या खाली पहिल्या पैशाला मार्जिन कॉल येईल. म्हणजे शेअर जवळजवळ न पडताही पैसे मागितले जाऊ शकतात. आणि चढउतार वाढतात ते बाजार घाबरलेला असतानाच. त्याच संध्याकाळी तसाच निरोप हजारो जणांना गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या वतीने त्यांचे ब्रोकर विकतात, तेही बहुधा मिळेल त्या भावाला. घेणाऱ्यांच्या रांगा एकामागून एक संपतात, भाव आणखी पडतो आणि जे काल हद्दीच्या आत होते, ते आज बाहेर पडतात. पडत्या बाजारात कंपनीबद्दल एकही नवी बातमी नसताना शेअर दिवसेंदिवस का खचतो, याचं उत्तर अनेकदा या सक्तीच्या विक्रीत असतं. ज्याने स्वतःच्या पैशांनी तोच शेअर तोच भाव देऊन घेतला आहे, त्याचं कागदावरचं नुकसान त्या सकाळी टक्क्यांत कमीच असतं. शिवाय तो वर्षभर थांबू शकतो. उसन्या पैशांवर घेणाऱ्याला तेवढा अवधी मिळत नाही.

शेअर खालच्या सर्किटला लागला, तर ब्रोकरलाही विकता येत नाही, कारण घेणाराच नसतो. दिवसामागून दिवस भाव खालच्या हद्दीला बंद होत गेला आणि अखेर 240 ला शेअर विकले गेले, तर 96,000 हाती येतात. कर्ज 1,00,000 चं. तुमचे लाख रुपये पूर्ण गेले आणि वर 4,000 आणि व्याज देणं राहिलं. एमटीएफमध्ये जास्तीत जास्त आपली रक्कम जाईल, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी हा हिशोब एकदा स्वतः कागदावर करावा.

मार्जिन कॉलचा भाव खरेदी करण्याआधीच काढता येतो. मागणी जितके टक्के असेल, ते शंभरातून वजा करा. कर्जाच्या रकमेला त्या टक्क्यांनी आणि मग शेअरांच्या संख्येने भागा. 1,00,000 कर्ज, मागणी 40 टक्के, म्हणून भागायचं 0.60 ने, मग 400 ने. उत्तर 416 रुपये 67 पैसे. तेच कर्ज निम्मं केलं, म्हणजे स्वतःचे 1,00,000 आणि ब्रोकरचे 50,000 घालून 300 शेअर घेतले, तर हा भाव 278 पर्यंत खाली जातो. मागणी 50 टक्क्यांवर गेली, तरी तो 333 च राहतो. कर्ज अर्धं केल्याने भाव वर गेल्यावरचा फायदा एक चतुर्थांश कमी होतो. पण ज्या घसरणीत पहिला माणूस बाहेर फेकला गेला, त्या घसरणीत दुसऱ्याला निरोपही येत नाही.